प्लेटलेट मोजताना

भाद्रपद लागला की लॅबचा फोन एकच प्रश्न विचारायला वाजतो. "प्लेटलेट किती?" वॉर्डातली सिस्टर विचारते, आरएमओ विचारतो, काचेच्या खिडकीतून डोकावणारा पेशंटचा भाऊ विचारतो. ऐरोलीत आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात भेटणाऱ्या काकूसुद्धा, मी लॅबमध्ये असते म्हणून, पुतण्याच्या प्लेटलेट मला सांगतात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतात. त्यांचं चुकत नाही. डेंग्यूने घरातलं माणूस गेलेलं बघितलंय लोकांनी, आणि त्या दिवसांत एवढा एकच आकडा त्यांच्या हातात होता. तरी त्या रात्री सिस्टर फोनवर म्हणाल्या, "तेवढा प्लेटलेटचा आकडा द्या ना, बाकीचं सकाळी बघू," ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आकडा त्यांना हवा होता आणि तो मशीनवर तयार होता. मी सांगितला असता तर फोन तिथेच संपला असता.

अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झाले होते. नवी मुंबईत, तुर्भ्याच्या बाजूला असलेलं आमचं हॉस्पिटल. लॅब तळमजल्यावर, कॅज्युअल्टीच्या शेजारी, त्यामुळे स्ट्रेचरची चाकं आणि मागच्या रस्त्याने एपीएमसीकडे वळणाऱ्या ट्रकचे ब्रेक रात्रभर ऐकू येतात. बाहेर पाऊस थांबून थांबून पडत होता. साडेबाराच्या सुमारास वॉर्डबॉय मामा दोन ट्यूब घेऊन आले, एक जांभळ्या झाकणाची, एक लाल. सोबतचा फॉर्म नेहमीसारखा: पुरुष, वय २३, ताप चार दिवस, खाली डॉक्टरांच्या अक्षरात डेंग्यू आणि पुढे प्रश्नचिन्ह. सीबीसी, आणि डेंग्यूसाठीच्या एनएस-१, आयजीएम. हिस्टरीच्या रकान्यात तिरकी रेघ. भाद्रपदात रात्रीला असे पुष्कळ फॉर्म येतात आणि सगळ्यांवर हेच लिहिलेलं असतं.

लाल ट्यूब गुठळी धरायला ठेवली, जांभळी हलवून मशीनला लावली. हिमोग्लोबिन ११.२, पांढऱ्या पेशी ४,८००, लाल पेशी ४१ लाख, प्लेटलेट ३८,००० आणि शेजारी आकड्याची शंका दाखवणारा मशीनचा फ्लॅग. फोन तेव्हाच वाजला. मी म्हटलं, "सिस्टर, थोडं थांबा, स्लाइड बघून सांगते." थांबायला सांगण्याचं कारण साधं आहे. मशीन पेशी मोजतं ते त्यांच्या आकारावरून. रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये असलेल्या ईडीटीएमुळे काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात, ते गठ्ठे मशीनच्या हिशेबात धरलेच जात नाहीत आणि धडधाकट माणसाचा आकडा तीस-चाळीस हजारावर येतो. मोठ्या आकाराच्या प्लेटलेट असतील तरी तसंच. म्हणून एक लाखाच्या खालचा आकडा डोळ्यांनी तपासल्याशिवाय सोडायचा नाही, असा आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा नियम आहे. रात्री एकट्या माणसाला हा नियम जड जातो. वीस नमुने रांगेत असतात आणि प्रत्येक स्लाइडला वेळ द्यावा लागतो. पण मॅडम त्यावर अडून बसतात, आणि मला त्यांचं अडून बसणं मनापासून पटतं.

स्लाइडवर रक्ताचा थेंब, स्प्रेडर मागे टेकवून थेंब कडेने पसरू द्यायचा आणि एका दमात पुढे ओढायचं. पावसाळ्यात पुढचं काम घाईचं असतं. हवेत ओल असते, फिल्म हळू वाळते, आणि लीशमन स्टेनमधलं मिथेनॉल बाटली उघडी राहिली की हवेतलं पाणी ओढून घेतं. मग लाल पेशींत चमकणारी गोल भोकं पडतात, आणि थकलेल्या डोळ्यांना त्यांत काय वाटेल ते दिसतं. म्हणून मी स्लाइड हाताने हलवून पंख्याखाली लगेच वाळवते आणि स्टेनची लहान बाटली रात्रीपुरती भरून घेते. लीशमनचे आठ-दहा थेंब, दोन मिनिटं थांबायचं, मग त्याच्या दुप्पट बफर, फुंकणीने हळूच हवा मारून मिसळायचं आणि दहा मिनिटं सोडून द्यायचं. वर मोरपंखी साय धरते. मग धुऊन उभी वाळत ठेवायची. त्या दहा मिनिटांत मी लाल ट्यूब फिरवली आणि एनएस-१ लावला. सिरम वर आलं तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली: ते जास्तच पिवळं होतं.

ऑइल टाकलं, शंभरचं लेन्स खाली आणलं. गठ्ठे कुठेच नव्हते, कडेला नाही, शेपटीकडे नाही. एका फील्डमध्ये दोन, कधी तीन प्लेटलेट. एका प्लेटलेटला साधारण पंधरा हजार धरायचे, म्हणजे मशीनचा आकडा बरोबर. सिस्टरना फोन करायला हात रिसीव्हरकडे गेला होता, आणि दुसऱ्या हाताने सवयीने स्टेज सरकत होतं. तेव्हा एका लाल पेशीत काहीतरी दिसलं.

निळसर, बारीक रेघेचं एक वर्तुळ, आणि त्या रेघेवर लालभडक ठिपका.

असं काही एकदाच दिसलं तर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. प्लेटलेट लाल पेशीवर नेमकी बसली तरी असाच भास होतो. पण प्लेटलेट जांभळट, कणीदार असते, तिच्याभोवती फिकट कडा दिसते आणि आत निळी रेघ नसते. स्टेनचा कण पडला असेल तर तो पेशीच्या पातळीत नसतो, फाइन फोकस फिरवला की तो स्पष्ट होतो आणि पेशी धूसर होते. पावसाळी भोक असेल तर फोकस हलवताना ते आरशासारखं चमकतं. मी फोकस वरखाली केला. ठिपका आणि पेशी एकाच वेळी स्पष्ट झाले, एकाच वेळी धूसर झाले, आणि चमकलं काहीच नाही. वस्तू पेशीच्या आतच होती. पुढच्या फील्डमध्ये आणखी एक. त्याच्या पुढच्यात एका पेशीत दोन, आणि त्यातल्या एकीवर दोन ठिपके, ज्याला आम्ही हेडफोन म्हणतो. एक अगदी पेशीच्या कडेला घासून बसलेली. आता शंका उरली नव्हती. एमपी, म्हणजे मलेरियाचा परजीवी पॉझिटिव्ह, आणि जात फॅल्सिपेरमसारखी.

जातीचा प्रश्न लगेच येतो, कारण मुंबईच्या पट्ट्यात व्हायव्हॅक्स भरपूर सापडतो आणि त्याचीही सुरुवात रिंगनेच, म्हणजे अशा वर्तुळानेच होते. फरक बघायचा तो रिंगकडे आणि तिच्या घराकडे, म्हणजे लाल पेशीकडे. व्हायव्हॅक्सची रिंग जाडसर, पेशीच्या एक तृतीयांशापर्यंत पसरलेली असते, पेशी फुगते, आणि त्याच स्लाइडवर वाकडेतिकडे पाय पसरलेले मोठे परजीवीही दिसतात. इथे लाल पेशी शेजारच्या निरोगी पेशींएवढ्याच होत्या. रिंग नाजूक, पेशीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. आणि पूर्ण स्लाइडवर सगळे एकाच वयाचे. नुसत्या कोवळ्या रिंग. मोठा झालेला एकही नाही.

मी मूळची शहापूर तालुक्यातली. लहानपणी आमच्या पाड्यावर मलेरियावाले भाऊ सायकलवरून यायचे. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत स्लाइडची लाकडी पेटी, स्पिरिटचा बोळा. ज्याला ताप त्याच्या डाव्या हाताचं अनामिकेचं बोट धरायचे, टोचायचे आणि काचेवर दोन जागा करायचे: एकीकडे थेंब पसरून जाड ठिपका, दुसरीकडे ओढलेली पातळ फिल्म. वाळली की त्या पातळ भागावरच पेन्सिलने नंबर घालायचे. दारामागच्या भिंतीवर तारीख लिहून जायचे. आजी म्हणायची, "रगत नेलं, आता सांगावा कधी येतोय बघू." सांगावा यायला बरेच दिवस जायचे, तोवर ताप येऊन गेलेला असायचा आणि क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या गिळून झालेल्या असायच्या. मला त्या काचेचंच आकर्षण होतं. घेऊन जातात त्या काचेत नेमकं काय बघतात, हे मी भाऊंना विचारलं होतं. ते म्हणाले, "हिवतापाचं बी दिसतं त्यात." मी डीएमएलटीला गेले त्यामागे या काचेचा वाटा आहे, असं मला आजही वाटतं. आणि भाऊंची ती दोन जागांची पद्धत मी आजही जशीच्या तशी करते: जाड ठिपक्यात रक्त जास्त मावतं म्हणून आहे की नाही ते कळतं, पातळ फिल्ममध्ये पेशी सुट्या दिसतात म्हणून कोण आहे आणि किती आहे ते कळतं.

किती, ते मोजायला बसले. लाल पेशी एकमेकींना न चिकटता शेजारी शेजारी बसल्या आहेत असा भाग शोधायचा आणि एक हजार पेशी मोजायच्या, त्यातल्या किती बाधित ते वेगळं. दोन रिंग असलेली पेशी एकदाच धरायची. त्रेचाळीस आल्या. म्हणजे ४.३ टक्के. लाल पेशी ४१ लाख, त्याचे ४.३ टक्के, म्हणजे रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पावणेदोन लाखांच्या वर बाधित पेशी. कमी साथीच्या भागात पाच टक्क्यांच्या वर गेलं की नुसत्या आकड्यावरही गंभीर मलेरिया धरतात. हा त्याच्या खाली होता. कागदावर बघणाऱ्याला हायसं वाटावं असा आकडा.

मला वाटलं नाही, आणि त्याचं कारण त्या सगळ्या एकवयाच्या रिंगमध्ये होतं. फॅल्सिपेरमचं लाल पेशीतलं एक चक्र सुमारे ४८ तासांचं. त्यातल्या पहिल्या अर्ध्यात तो कोवळा असतो, रिंग असतो, आणि रक्ताबरोबर फिरतो. मोठा व्हायला लागला की त्या पेशीच्या अंगावर बारीक गाठी उठतात आणि ती बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटते: मेंदूत, मूत्रपिंडात, आतड्यात, गरोदर बाई असेल तर वारेत. तिथे बसून तो पिकतो आणि फुटतो. बोटातून किंवा दंडातून काढलेल्या रक्तात त्या पेशी येतच नाहीत. म्हणजे मी मोजलेले त्रेचाळीस हे फक्त फिरते होते. चिकटलेले किती, हे स्लाइड थेट सांगू शकत नाही. पण आडून सांगते. मी लाल पेशी सोडून पांढऱ्यांकडे गेले. न्यूट्रोफिल एकेक बघायला लागले, आणि काहींच्या पोटात काळपट तपकिरी, काटेरी कण दिसले. हे परजीवीने हिमोग्लोबिन खाऊन उरलेलं रंगद्रव्य. रिंगमध्ये ते दिसण्याएवढं साठलेलं नसतं, पिकलेल्या परजीवीत साठतं, आणि तो फुटला की पांढऱ्या पेशी ते गिळतात. म्हणजे या मुलाच्या अंगात कुठेतरी पुष्कळ पिकून फुटले होते. शंभर न्यूट्रोफिलमध्ये पाचापेक्षा जास्तांत हे कण असले तर पेशंट बिघडण्याची भीती जास्त, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी शंभर मोजले. नऊ निघाले.

एनएस-१ निगेटिव्ह आला होता. मी वॉर्डात गेले.

फोन करता आला असता, पण त्याच वॉर्डात त्याच आडनावाचा आणखी एक पेशंट होता आणि ट्यूबवरचं लेबल बरोबर पेशंटला लागलंय याची मला खात्री हवी होती. शिवाय बोटातून ताजं रक्त घेऊन जाड ठिपका करायचा होता. ट्यूबमध्ये रक्त तासन्‌तास राहिलं की परजीवीचा आकार बिघडतो आणि जातीचा गोंधळ होतो. मामांना लॅबकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि लॅन्सेट, दोन स्लाइड, मलेरियाचं किट ट्रेमध्ये घेऊन वर गेले. मुलगा कुशीवर पडला होता, ओठ सुकलेले. स्टुलावर त्याचा मोठा भाऊ. नाव विचारलं, मनगटावरची पट्टी वाचली, आयपी नंबर जुळवला. मुलाने नाव सांगायला वेळ घेतला, डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. सिस्टर म्हणाल्या, "मघापासून झोपलाय, ताप उतरला ना आता." बोट टोचलं तरी त्याने हात ओढला नाही.

"दादा, हा गेल्या महिन्यात बाहेरगावी कुठं गेला होता?"

"गेल्ता ना जी. पोळ्याले गावाले गेल्ता. आमचं धानोऱ्याकडं हाय, गडचिरोली जिल्ह्यात. मले सुट्टी नोती, हाच गेला. पोळा करून, तान्हा पोळा करून आला."

पोळा श्रावणाच्या अमावस्येला. अनंत चतुर्दशी त्यानंतर चौदा दिवसांनी, आणि आज त्याच्याही पुढे दोन. ताप चार दिवसांचा. डास चावल्यापासून ताप यायला फॅल्सिपेरमला साधारण नऊ ते चौदा दिवस लागतात. पोळ्याच्या मागेपुढे तिथे धानाच्या बांध्यांत पाणी असतं, घराला लागून जंगल असतं, आणि महाराष्ट्रातला फॅल्सिपेरम सगळ्यात जास्त त्याच जिल्ह्यात सापडतो. हिस्टरीच्या रकान्यात तिरकी रेघ होती, आणि उत्तर मात्र स्टुलावर बसलेलं होतं. कॅज्युअल्टीत त्या संध्याकाळी तापाची रांग दारापर्यंत होती, विचारायला कुणाला उसंत नव्हती, हेही मी पाहिलेलं होतं.

आरएमओ तरुण मुलगा, दोन रात्री न झोपलेला. मी नर्सिंग स्टेशनवर त्याला गाठलं. "मॅडम, एनएस-१ झाला का? मी ब्लड बँकेला प्लेटलेट सांगून ठेवल्यात."

"एनएस-१ निगेटिव्ह. पण मी त्यासाठी आले नाही, डॉक्टर. स्मिअरमध्ये फॅल्सिपेरमच्या रिंग आहेत. ४.३ टक्के. न्यूट्रोफिलमध्ये पिगमेंट आहे. तो पोळ्याला गडचिरोलीत होता."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "डेंग्यूही असू शकतो ना सोबत?" प्रश्न रास्त होता. एनएस-१ निगेटिव्ह आला म्हणजे डेंग्यू गेला असं होत नाही, आणि दोन्ही एकत्र असल्याचे पेशंट आम्ही बघितलेत. प्लेटलेट दोन्हींत उतरतात, त्यामुळे ३८,००० हा आकडा बाजू घेत नाही. मी म्हटलं, "असू शकतो. आयजीएम होईल. पण हे आत्ता दिसलंय." आणि मग जे सांगायचा मला अधिकार नाही पण सांगितल्याशिवाय राहवेना, ते सांगितलं: "सिस्टरना ग्लुकोमीटर लावायला सांगता? माझ्याकडच्या ट्यूबमधली शुगर खरी येणार नाही." साध्या ट्यूबमध्ये रक्त पडून राहिलं की पेशी आतली साखर खात राहतात, आणि या रक्तात साखर खाणारे आणखी पावणेदोन लाख होते. सिस्टरनी तिथल्या तिथे बोटातून थेंब घेतला. ४६. त्याची झोप उतरलेल्या तापाची नव्हती. आरएमओने डेक्स्ट्रोज मागवलं आणि ते शिरेत जात असतानाच मला म्हणाला, "सिरम उरलंय ना? बिलिरुबिन, क्रिएटिनिन लावून टाका." तोंडी ॲड-ऑन मी फॉर्मवर त्याच्या नावानिशी आणि वेळेनिशी लिहून घेतलं.

टेक्निशियनला रिपोर्टवर सही करता येत नाही. हे बरोबरच आहे, पण रात्री दोन वाजता त्याचा अर्थ असा होतो की छापील कागद सकाळी निघणार आणि तोवर सगळं काम तोंडी कळवण्यावर चालणार. त्यासाठी क्रिटिकल रजिस्टर असतं. पेशंटचं नाव, नंबर, काय सापडलं, कुणाला सांगितलं, किती वाजता, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवलं का. परत म्हणून घेणं मी कधी सोडत नाही, कारण रात्रीच्या फोनवर फॅल्सिपेरमचं "पीएफ" आणि व्हायव्हॅक्सचं "पीव्ही" सहज एकाचं दुसरं ऐकू जातं आणि औषधं वेगळी आहेत. खाली येऊन मोबाइलचा कॅमेरा आयपीसला टेकवून चार फोटो काढले: दोन रिंगवाली पेशी, हेडफोन, कडेला चिकटलेली रिंग, पिगमेंटवाला न्यूट्रोफिल. मॅडम वाशीला राहतात. दुसऱ्या रिंगला फोन उचलला, फोटो बघितले. "पीएफच आहे. जाड ठिपका वाळला की जीम्सा कर, घाई करून गरम करू नकोस. मी आरएमओशी बोलते." जाड ठिपका गरम केला की तो काचेला पक्का बसतो, मग त्यातलं हिमोग्लोबिन पाण्यात सुटत नाही आणि लेन्सखाली नुसता चिखल दिसतो. त्या ओलसर रात्री तो वाळायला तास लागला. किटवर पीएफची रेघ त्याच्या कितीतरी आधी, गडद उमटली होती. पण किट फक्त आहे-नाही सांगतं. किती, ते सांगत नाही, आणि पेशंट बरा झाल्यावरही त्यातलं प्रथिन रक्तात राहिल्यामुळे आठवडेच्या आठवडे रेघ दाखवत राहतं. उपचार लागू पडतोय का हे पुन्हा स्लाइडवरच बघावं लागतं.

बिलिरुबिन ३.६ आलं, क्रिएटिनिन १.६. मी परत फोन उचलला. मायक्रोलिटरला लाखाच्या वर परजीवी आणि बिलिरुबिन तीनच्या वर, हे दोन्ही एकत्र आले की टक्केवारी पाचच्या खाली असली तरी मलेरिया गंभीरच समजायचा. आरएमओने आकडे परत म्हणून दाखवले. "आर्टेसुनेट चालू केलंय, शिरेतून. पहिला डोस २:४० ला गेला. प्लेटलेट कॅन्सल केल्यात, ब्लीडिंग नाहीये. आयसीयूत हलवतोय." आर्टेसुनेट पहिल्या दिवशी तीनदा द्यायचं असतं, सुरुवातीला, बारा तासांनी, चोवीस तासांनी. हे औषध कोवळ्या रिंगलाही मारतं, त्या चिकटायला जाण्याआधीच, म्हणून वेळेला एवढं महत्त्व. सकाळी सहीचा कागद निघेपर्यंत थांबलो असतो तर त्या त्रेचाळीसांतल्या पुष्कळ रिंग तोवर रक्तातून निघून चिकटायला गेल्या असत्या, आणि सकाळच्या स्लाइडवर आकडा कदाचित कमीच दिसला असता. या आजारात कमी दिसण्याचा हा एक भयंकर अर्थ आहे.

ड्यूटी संपायच्या आत मी आणखी एक स्मिअर केला. ५.१ टक्के. आयसीयूच्या डॉक्टरांचा आवाज चढला, "वाढलं? औषध गेलंय ना?" त्यांना स्लाइडवर जे दिसत होतं ते सगळं सांगितलं. पहिल्या काही तासांत आकडा वर जाऊ शकतो, कारण आधीच पिकलेले फुटतात आणि नवे कोवळे रक्तात येतात. पण रिंग पहिल्यासारख्या राहिल्या नव्हत्या. बऱ्याचशा आक्रसल्या होत्या, निळी रेघ विरलेली, नुसता गडद ठिपका उरलेला. औषधाने मेलेला परजीवी असाच दिसतो. दुसऱ्या दिवशी रात्री ड्यूटीवर आल्याबरोबर बघितलं तर टक्का एकच्या खाली होता, आणि त्याच्या पुढच्या दिवशी रिंग शोधाव्या लागत होत्या. सिस्टरनी सांगितलं, तो उठून बसलाय आणि भावाकडे मटणाचा रस्सा मागतोय.

दोन आठवड्यांनी तो तपासणीसाठी रक्त द्यायला आला. शिरेतलं आर्टेसुनेट घेतलेल्या काही पेशंटमध्ये सगळं निवल्यावर, आठवड्या-दोन आठवड्यांनी लाल पेशी अचानक फुटायला लागतात, म्हणून महिनाभर दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघायला सांगतात. फॉर्मवर फक्त सीबीसी होतं. हिमोग्लोबिन ९.६. उतरलं होतं, पण घाबरण्याएवढं नाही. प्लेटलेट अडीच लाख, फ्लॅग नाही, स्मिअर करायची नियमाप्रमाणे गरज नव्हती. मी केला. रिंग एकही नाही. पण शेपटीकडे एक लांबट, दोन्ही टोकांना गोलसर, मधोमध पिगमेंट गोळा झालेली कोर दिसली. मग दुसरी. हे फॅल्सिपेरमचे गॅमेटोसाइट. पेशंटला याचा काही त्रास होत नाही, ताप येत नाही. पण डास चावला तर तो हेच घेऊन जातो, आणि हा मुलगा तुर्भ्याला दहा जणांच्या खोलीत राहत होता, दाराबाहेर पाण्याची पिंपं, मागे बांधकामाची उघडी टाकी. शहरातला मलेरियाचा डास, स्टीफेन्सी, असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

आर्टेसुनेट आणि त्यानंतरच्या गोळ्या रिंग मारतात, या पिकलेल्या कोरी त्यांना पुरत्या दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीनचा एकच डोस असतो. मी भावाकडून डिस्चार्ज कार्ड मागून घेतलं, दोन्ही बाजू वाचल्या. प्रायमाक्वीन त्यात नव्हतं. मॅडमना स्लाइड दाखवली, त्यांनी ओपीडीच्या डॉक्टरांना फोन लावला, महापालिकेच्या हिवताप विभागालाही कळवलं म्हणजे ते खोलीतल्या बाकीच्यांची रक्तं तपासून जातील. डॉक्टरांनी वजन विचारलं. अठ्ठावन्न किलो. पंधरा मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, एकाच वेळी, पण उपाशीपोटी नाहीत. भाऊ खालून वडापाव घेऊन आला. मुलाने तो कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून खाल्ला, आणि तिन्ही गोळ्या माझ्यासमोर घेतल्या.